जन्माआधी मकबरा बांधणारा शहजादा

(वारसा फेऱ्या काढणाऱ्या आणि त्यांचे व्हिडिओ बनवणाऱ्या तरुणांच्या कार्यशाळेतील भाषणाचा मजकूर)



बीबी का मकबरा कधी बांधला, असं इंटरनेटवर शोधलंत तर बहुतेक ठिकाणी एकच वाक्य सापडेल. शहजादा आझमशाह याने आपल्या आईच्या स्मरणार्थ १६५१ ते १६६१ या काळात हा मकबरा बांधला. पर्यटनाच्या पुस्तिकांत, शाळेच्या सहलीच्या माहितीत, मोबाईलवर फिरणाऱ्या रीलमध्येही हेच वाक्य येतं. ऐकायला त्यात काही खटकत नाही. आता त्याच्या शेजारी तीन तारखा ठेवा. आझमशाहचा जन्म जून १६५३ चा आहे. त्याची आई दिलरस बानू बेगम ऑक्टोबर १६५७ मध्ये वारली. आणि १६६१ मध्ये आझमशाहचं वय होतं आठ वर्षं.

म्हणजे त्या वाक्यावर विश्वास ठेवायचा तर आईच्या मृत्यूच्या सहा वर्षं आधी, स्वतःच्या जन्माच्या दोन वर्षं आधी या शहजाद्याने तिच्या कबरीचं काम सुरू केलं, असं मानावं लागेल. कोणी खोटं बोलायला बसलं होतं असं नाही. एकाने लिहिलं, दुसऱ्याने उतरवलं, तिसऱ्याने त्यावर आवाज दिला. पण आज औरंगजेबाचं नाव निघालं की वाद पेटतो, आणि त्याच्याशी जोडलेल्या वास्तूवर आपल्यापैकी कोणी पाच मिनिटांचा व्हिडिओ टाकला की पहिल्या तासात लोक त्यातली चूक शोधू लागतात. एक सन चुकला की बाकी सगळं बरोबर असूनही निकालात निघतं. ‘यांना त्यांचा स्वतःचा इतिहास माहीत नाही’ हे वाक्य ऐकायची आपली तयारी नसेल, तर फेरीला निघण्याआधी तारखा तपासायला हव्यात. ते कसं करायचं, हे आज मी एका फेरीच्या मार्गाने सांगणार आहे.

मार्ग छोटा आहे. भडकल दरवाजापासून सुरुवात, तिथून पाणचक्की, मग महमूद दरवाजातून खाम नदी ओलांडून बेगमपुऱ्यातून मकबऱ्यापर्यंत. रमतगमत सकाळी होते. मी ही फेरी अनेकदा घेतली आहे, आणि आता तिच्या प्रत्येक थांब्यावर मी एकच प्रश्न विचारते: इथे जे वर्ष सांगितलं जातं, ते नेमकं कशाचं आहे?

भडकल दरवाजाने सुरुवात करण्याला कारण आहे. शहराच्या दरवाजांबद्दल बोलताना ‘बावन्न दरवाजांचं शहर औरंगजेबाने वसवलं’ असं एका दमात म्हणायची सवय आहे. शहर वसवलं मलिक अंबरने, १६१० मध्ये, खडकी या गावाच्या जागी. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला होता. मुघल फौजांवर मिळवलेल्या विजयाची खूण म्हणून त्याने हा दरवाजा बांधला, त्याचं वर्ष १६१२ सांगतात. औरंगजेबाने शहराभोवती तटबंदी घातली ती १६८२ मध्ये. म्हणजे भडकल दरवाजा त्या तटापेक्षा सत्तर वर्षांनी जुना. तो कोटाचा दरवाजा म्हणून जन्मालाच आला नाही, तो विजयाची कमान म्हणून उभा राहिला. एवढं कळलं की चित्रीकरण कसं करायचं तेही कळतं. तटाच्या इतर दरवाजांसारखा त्याचा शॉट घेऊ नका. थोडं लांब उभे राहा, त्याच्या चारही बाजू मोकळ्या दिसू द्या, कमानींतून आरपार दिसणारा रस्ता चौकटीत येऊ द्या. आपण निवेदनात जे सांगतो, ते पाहणाऱ्याला डोळ्यांनी पटतं.

शहराच्या नावाचंही इथेच सांगून टाका. १६१० मध्ये खडकी, १६२६ मध्ये मलिक अंबरचा मुलगा फतेहखान याच्या नावावरून फतेहनगर, १६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला तेव्हा औरंगाबाद, आणि आता छत्रपती संभाजीनगर. निवेदनाचा माझा नियम साधा आहे: ज्या काळाबद्दल बोलत असाल त्या काळातलं नाव घ्या, आणि आजचा पत्ता सांगताना आजचं नाव घ्या. ‘१६१२ मध्ये औरंगाबादेत’ हे वाक्य तारखेच्याच कसोटीवर नापास होतं. तेव्हा औरंगजेबाचा जन्मही झाला नव्हता.

पाणचक्कीला गेलात की दुसरी अडचण येते. इथे दोन वर्षं ऐकू येतात, कोणी १६९५ सांगतं, कोणी १७४४. शिवाय मलिक अंबरच्या नहर-ए-अंबरीची गोष्ट इथे हमखास जोडली जाते. ती आधी वेगळी करा. मलिक अंबर १६२६ मध्ये वारला. बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आणि त्याभोवतीचा हा परिसर त्याच्यानंतर बऱ्याच काळाने उभा राहिला, आणि चक्की फिरवणारी नहर ही अंबरीपासून वेगळी नहर आहे. डोंगरातून मातीच्या नळांतून पाणी येतं, ते उंच भिंतीवर चढवून खाली सोडलं जातं, आणि त्या धारेच्या जोरावर पातं फिरून जातं फिरतं. मुसाफिरांचं आणि फकिरांचं पीठ त्यावर दळलं जाई.

मग दोन वर्षांचं काय करायचं? वर्ष निवडण्याआधी विचारा, कशाचं वर्ष? मशीद, नहर, हौद, चक्की, सराय, कबर ही सगळी एका दिवसात बांधलेली एक वस्तू नाही. एखादं वर्ष मशिदीचं असेल, दुसरं हौदाचं किंवा नहरीचं. ‘पाणचक्की अमुक साली बांधली’ असं म्हणताच आपण सगळ्यांना एकाच सालात कोंबतो. मी निवेदनात म्हणते, ‘सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा परिसर टप्प्याटप्प्याने उभा राहिला.’ वाक्य कमी झोकदार आहे, पण ते पाडता येत नाही.

इथे शॉट्स घेताना पाण्याच्या वाटेने जा. आधी भिंतीवरून पडणारी धार, मग हौद, मग जातं. आणि एक मिनिटभर काहीही न बोलता नुसत्या पाण्याचा आवाज रेकॉर्ड करा. पुढे निवेदनाचं एखादं वाक्य काढावं किंवा बदलावं लागलं, तर हाच आवाज खाली अंथरता येतो आणि तुटल्यासारखं वाटत नाही. दर्ग्यात शूटिंग करायचं तर मुजावरांना विचारा, आणि दुआ मागणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यांवर कॅमेरा नेऊ नका. ते आपल्या व्हिडिओसाठी आलेले नसतात.

नदी ओलांडून बेगमपुऱ्यातून जाताना मी जमलेल्या मुलांना हिजरी सनाचा हिशेब शिकवते, कारण पुढे त्याची गरज पडते. आपल्याला वाटतं, हिजरीत ६२२ मिळवले की इसवी सन आला. तसं होत नाही. हिजरी वर्ष चंद्राचं, सुमारे ३५४ दिवसांचं. म्हणून दर वर्षी अकराएक दिवसांचा फरक साचत जातो. आकडा आधी ०.९७०२ ने गुणा आणि मग ६२१.६ मिळवा. उदाहरणादाखल १०६८ हिजरी घ्या. १०६८ गुणिले ०.९७०२ म्हणजे सुमारे १०३६.२. त्यात ६२१.६ मिळवले की १६५७.८. दशांशही कामाचा आहे: आठ दशांश म्हणजे वर्षाचा शेवटाकडचा भाग. हिजरी १०६८ सुरू झालं ऑक्टोबर १६५७ मध्ये आणि संपलं पुढच्या सप्टेंबरात. म्हणून शिलालेखावर नुसतं वर्ष असेल आणि महिना नसेल, तर इसवी सन एक आकडा म्हणून लिहू नका, १६५७-५८ असा जोडून लिहा. एका वर्षाच्या अनेक भांडणांचं मूळ एवढंच असतं. निजामाच्या अंमलातले कागद वाचत असाल तर सावध राहा, तिथे बहुधा फसली सन असतो, त्यात ५९० मिळवतात. कागद शालिवाहन शकाचा असेल तर ७८. कोणता सन आहे हे ठरवल्याशिवाय बेरीज करायचीच नाही.

दगडावरचे आकडे वाचतानाही डोळा फसतो. अरबी पाच हा गोल असतो, मराठी शून्यासारखा, आणि शून्य असतं नुसता ठिपका. अरबी सहा दिसतो इंग्रजी सातासारखा. १०६१ आणि १०७१ यांत एका आकड्याचा फरक आहे, पण एक वर्ष १६५१ च्या आसपास पडतं आणि दुसरं १६६०-६१ मध्ये. मकबऱ्याच्या त्या १६५१ चा उगम असाच आहे, असा माझा दावा नाही. एक आकडा चुकला की इमारत दहा वर्षं सरकते, हे लक्षात राहावं म्हणून सांगते. म्हणून शिलालेखाचा फोटो समोरून झगझगीत उजेडात काढू नका. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन बाजूने तिरपं पडत असताना काढा, म्हणजे अक्षरांच्या सावल्या पडतात आणि ठिपकेही दिसतात. आधी पूर्ण दगड, मग एकेक ओळ.

कधी कधी आकडा नसतोच, वर्ष अक्षरांत लपवलेलं असतं. याला घाबरू नका, तुम्हाला ते माहीत आहे. ७८६ हा आकडा आपल्या दुकानांवर, रिक्षांवर असतो. तो बिस्मिल्लाहच्या अक्षरांची बेरीज आहे. अलिफचा १, लामचे ३०, हेचे ५. अल्लाह या शब्दात अलिफ, लाम, लाम, हे, म्हणजे ६६. याच अबजद पद्धतीने शायर इमारतीचं वर्ष एखाद्या मिसऱ्यात बसवत. त्या ओळीतला कोणता शब्द मोजायचा हे शायर सुचवतो, आपण सगळीच ओळ मोजली तर भलतंच वर्ष येतं. त्यामुळे अशी ओळ सापडली तर फारसी जाणणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या, अंदाजाने बेरीज करू नका.

आता मकबरा. सुरुवातीच्या वाक्याचा निकाल इथे लावू. मी एका कागदावर उभी रेघ मारते आणि ज्या तारखांबद्दल वाद नाही त्याच त्यावर लिहिते. १६५३: औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार, त्याच वर्षी आझमचा जन्म. सप्टेंबर १६५७: धाकटा मुलगा अकबर याचा जन्म. ऑक्टोबर १६५७: त्या बाळंतपणानंतर महिन्याभरात दिलरस बानूचं निधन. १६५८ च्या सुरुवातीला औरंगजेब तख्ताच्या लढाईसाठी उत्तरेकडे निघाला, आणि त्याच वर्षी तो बादशहा झाला.

या रेघेवर प्रश्न ठेवत जा. काम १६५१ ला सुरू झालं? नाही, जिच्यासाठी ते व्हायचं ती जिवंत होती. आझमने हुकूम दिला? आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा. म्हणजे सुरुवात १६५७ च्या ऑक्टोबरनंतरची आणि हुकूम बापाचा. १६६०-६१ च्या सुमारास मुख्य काम झालं, हे मात्र या रेघेवर नीट बसतं. पुढे मोठा झाल्यावर आझमशाहने काही भर घातली किंवा दुरुस्ती केली असेल तर त्यालाही जागा आहे, पण ते वेगळं वाक्य झालं. आणखी एक गोष्ट रेघ सांगते. ‘बादशहाची बेगम’ असं आपण सरसकट म्हणतो. दिलरस बानू वारली तेव्हा औरंगजेब शहजादा होता. ती मलिका कधी झालीच नाही. राबिया-उद-दौरानी हा किताब तिला मृत्यूनंतर मिळाला.

त्या दरवाजाच्या लेखात दोन नावं आहेत: रचना करणारा अताउल्लाह आणि बांधकाम पाहणारा हंसपतराय. अताउल्लाह हा ताजमहालाच्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. ही दोन नावं शेजारी पाहून आपल्याला लगेच भाषण करावंसं वाटतं. करू नका. नावं दाखवा, उच्चार नीट करा, शॉट चार सेकंद जास्त धरा आणि पुढे जा. लेखात जेवढं आहे तेवढंच त्याचं वजन आहे, आणि ते पुरेसं आहे.

किश्शांचं काय, असं तुम्ही विचाराल. किस्से हवेतच, नुसत्या सालांनी फेरी रंगत नाही. पण प्रत्येक किश्शाला त्याची पायरी द्या. फ्रेंच प्रवासी तावेर्निए सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना त्याला संगमरवर वाहून नेणाऱ्या तीनशे गाड्या दिसल्या, आणि त्यांतल्या लहानात लहान गाडीलाही बारा बैल होते. हे डोळ्यांनी पाहणाऱ्याने लिहिलेलं आहे, त्याच्या नावाने बिनधास्त सांगा. खर्च ६ लाख ६८ हजार २०३ रुपये ७ आणे झाला, हा आकडा गुलाम मुस्तफा यांच्या ‘तारीखनामा’ या ग्रंथातला. तो सांगताना ग्रंथाचं नाव घ्या. त्यावरून ‘औरंगजेब कंजूष होता’ असं पुढचं पाऊल टाकायचं की नाही, हे पाहणाऱ्यावर सोडा. तिसरा किस्सा असा: हैदराबादच्या एका निजामाला मकबरा इतका आवडला की त्याने तो दगड-दगड उतरवून हैदराबादला न्यायचा हुकूम दिला, मग त्याला अपशकुन वाटला आणि प्रायश्चित्त म्हणून त्याने पश्चिमेला मशीद बांधली. पश्चिमेची मशीद आहे, ती निजामाच्या काळातलीच, मूळ आराखड्यातली नाही, आणि तिच्यामुळे त्या बाजूचा प्रवेश बंद झाला. अपशकुनाची गोष्ट लोक सांगतात. निवेदनात ‘लोक सांगतात’ हे दोन शब्द कापू नका. संकलन करताना सगळ्यात आधी तेच कापले जातात.

शूटिंगबद्दल दोन-तीन गोष्टी सांगून थांबते. मकबरा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. मोबाईल हातात धरून काढणं वेगळं, पण ट्रायपॉड लावायचा किंवा ड्रोन उडवायचा तर आधी परवानगी लागते. मुख्य दरवाजा दक्षिणेला आहे, म्हणून हिवाळ्यात दर्शनी बाजूवर दिवसभर ऊन असतं. सकाळी लवकर गेलात तर पूर्वेकडून तिरपा प्रकाश मिळतो. आत गेल्यावर लोक घुमटच टिपतात. तुम्ही खालच्या भिंती जवळून घ्या. खाली संगमरवर, वर घुमटापर्यंत बेसाल्टवर गुळगुळीत गिलावा, आणि घुमट पुन्हा संगमरवराचा. जिथे दगड संपून गिलावा सुरू होतो ती रेघ दाखवलीत तर खर्चाचा तो आकडा आपोआप समजतो. कबर वरच्या सज्जातून खाली पाहायची आहे, तिथे आवाज कमी ठेवा.

आणि सगळ्यात कामाची गोष्ट. चालत-चालत कॅमेऱ्याकडे पाहून सनावळ्या बोलू नका. चालताना जागा सांगा, दिसतं ते सांगा. ज्या वाक्यात वर्ष आहे ते वेगळं, घरी बसून, एकेक करून रेकॉर्ड करा आणि त्यावर दरवाजाचा किंवा दगडाचा शॉट टाका. उद्या कोणी अधिक पक्का पुरावा आणला तर तेवढं एक वाक्य बदलता येतं, पुन्हा शहरात जाऊन सगळी फेरी चित्रित करावी लागत नाही. प्रत्येक अशा वाक्यासमोर वहीत तीन रकाने ठेवा: कशाचं वर्ष, कोणत्या सनातलं, कोणी सांगितलं. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ते वाक्य व्हिडिओत जाणार नाही, एवढं आपसांत ठरवून घ्या. दुपारी आपण गट पाडून याच मार्गाच्या निवेदनातली बारा वाक्यं या तीन रकान्यांत बसवणार आहोत. आझमशाहचं वाक्य कोणत्या गटाला हवं ते आताच सांगा.